टीव्हीमधील कमी दृष्टीसाठीच्या सोयी केबलच्या वाहिन्यांवर का चालत नाहीत?

मृद्गंध_नौपाडा

नमस्कार. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. वयोमानामुळे त्यांच्या दोन्ही डोळ्यांतील मॅक्युलाला, म्हणजे आतल्या पडद्याच्या मधल्या भागाला, इजा झालेली आहे. समोर पाहिले की मधोमध करडा डाग येतो आणि कडेचे मात्र बरे दिसते, असे ते सांगतात. त्यांना टीव्ही स्वतःचा स्वतः लावता यावा, एवढ्यासाठी दिवाळीत आम्ही ४३ इंची गूगल टीव्ही घेतला, कारण त्यात कमी दृष्टी असलेल्यांसाठी सोयी असतात असे वाचले होते.

त्या सोयी खरोखरच आहेत. `Settings` मधून `System` आणि तेथून `Accessibility` येथे जाऊन मी `High contrast text` आणि `TalkBack` ही दोन्ही सुरू केली. टीव्हीच्या मुख्य पडद्यावरची अक्षरे ठळक झाली आणि रिमोटने जिथे जावे तिथले नाव टीव्ही बोलू लागला. बाबांना फार बरे वाटले. परंतु केबलचा सेट-टॉप बॉक्स लावताच सगळे पूर्ववत झाले. वाहिन्यांची यादी निळ्या पट्टीवर करड्या अक्षरांत दिसते, ती जराही ठळक झालेली नाही आणि टीव्ही त्यातला एक शब्दही वाचत नाही. बाबा दिवसातले चार तास बातम्या आणि जुनी नाटके पाहतात आणि ती सारी केबलवरच असतात. टीव्हीत दोष आहे, की माझ्याकडून एखादी पायरी राहिली आहे?

प्रसाद_पाचपाखाडी

माझ्या मते यात फार गुंतागुंत नाही. टीव्हीच्या `Picture` मध्ये जाऊन `Contrast` १०० वर न्यावा आणि चित्राचा आकार `Zoom` वर ठेवावा. या दोन गोष्टी कोणत्याही स्रोताच्या चित्राला लागू होतात, मग ते केबलचे असो वा आणखी कशाचे. माझ्या सासऱ्यांच्या टीव्हीवर मी हेच केले आहे.

वैशाली_वाशी

मुलांच्या बाबतीत आमच्याकडेही हाच प्रश्न आहे. धाकटा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसतो आणि रात्री डोळे चोळतो. निळा प्रकाश कमी करण्याची सोय याच ठिकाणी असते का? वडिलांनाही जवळ बसू देऊ नये, डोळे आणखी बिघडतात असे म्हणतात.

अरुण_ऐरोली

मृद्गंध, तुमच्या टीव्हीत दोष नाही आणि तुमची पायरीही राहिलेली नाही. मला स्वतःला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा कडेची नजर कमी करणारा आजार आहे आणि गेली काही वर्षे मी टॉकबॅकच्याच आधाराने टीव्ही पाहतो, त्यामुळे हा घोटाळा मला चांगलाच परिचित आहे.

आजचा टीव्ही म्हणजे एका पेटीत दोन वस्तू आहेत. एक संगणक आहे, ज्याचा स्वतःचा मुख्य पडदा आणि स्वतःची ॲप्स असतात. दुसरा नुसता आरसा आहे, जो एचडीएमआयच्या तारेतून जे चित्र येईल ते जसेच्या तसे दाखवतो. टॉकबॅक पडद्याकडे ‘पाहत’ नाही. ॲप त्याला आतून सांगते की येथे एक बटण आहे आणि त्यावर अमुक शब्द आहेत, आणि तेवढेच तो उच्चारतो. केबलची वाहिन्यांची यादी मात्र सेट-टॉप बॉक्स स्वतः रंगवतो आणि तयार चित्र म्हणून तारेतून पाठवतो. टीव्हीपर्यंत पोहोचतात ते रंगाचे ठिपके, अक्षर असे काही त्यात उरलेलेच नसते. म्हणून टॉकबॅक गप्प राहतो. `High contrast text` चेही तसेच आहे. ही सोय अक्षर रंगवण्याच्या क्षणी त्याला पूर्ण काळे किंवा पूर्ण पांढरे करते आणि विरुद्ध रंगाची कड देते. आधीच रंगवून आलेल्या अक्षराला तिचा हातच लागत नाही.

यावरून एक सोपी परीक्षा निघते. टीव्हीच्या रिमोटवरचे होमचे बटण दाबावे. जे पडदे टीव्हीचे स्वतःचे आहेत तेथे टॉकबॅक बोलेल आणि जेथे बोलणे थांबले तेथून पुढचे चित्र दुसऱ्या पेटीचे आहे असे समजावे. याला एक अपवाद आहे. काही मोठी ॲप्स टीव्हीच्या आत असूनही आपली अक्षरे आपल्याच पद्धतीने रंगवतात, त्यामुळे त्यांच्यावर ठळक अक्षरांची सोय दिसत नाही.

आता मार्ग पाहू. तुमचा बॉक्स स्वतःच अँड्रॉइड टीव्हीवर चालणारा आहे का, हे आधी तपासा. त्याच्या मुख्य पडद्यावर प्ले स्टोअर असेल, तर त्या बॉक्सच्या रिमोटवरचे मागे जाण्याचे बटण आणि खाली जाण्याचे बटण एकाच वेळी तीन सेकंद दाबून धरा. टॉकबॅक सुरू करण्याचा हाच जवळचा मार्ग आहे. तो चालला नाही, तर त्या बॉक्सच्या `Accessibility` मध्ये `Accessibility shortcut` सुरू आहे का ते पाहा. बॉक्स साधा असेल, तर त्याला बोलते करण्याचा कोणताही उपाय टीव्हीच्या बाजूने नाही.

प्रसाद_पाचपाखाडी

अरुणराव, तारेतून नुसते चित्र येते हे मान्य. पण म्हणूनच मी सुचवलेले दोन उपाय अधिक उपयोगाचे ठरतात, कारण ते चित्रावरच चालतात. ते चुकीचे कसे म्हणता येतील?

मृद्गंध_नौपाडा

आमचा बॉक्स साधाच निघाला. प्रसाद यांनी सांगितल्याप्रमाणे काल करून पाहिले, ते कळवते. `Zoom` केल्यावर चित्र मोठे झाले, पण वरचा आणि खालचा भाग पडद्याबाहेर गेला आणि बातम्यांची खालची पट्टी, जी बाबांना वाचायची असते, नेमकी तीच नाहीशी झाली. `Contrast` १०० केल्यावर पांढऱ्या पट्टीवरची पिवळी अक्षरे बाबांना पूर्वीइतकीही दिसेनात. “सगळं चुन्यासारखं झालंय,” असे ते म्हणाले.

अरुण_ऐरोली

प्रसाद, तुमचा विचार अर्धा बरोबर आहे, म्हणून तो सोडून देऊ नये, दुरुस्त करून घ्यावा. चित्राच्या सेटिंगमधला `Contrast` अक्षर आणि पार्श्वभूमी ओळखून त्यांना वेगळे करत नाही. तो चित्रातील उजळ भाग आणखी उजळ करतो. एका मर्यादेनंतर फिकट पिवळा, फिकट करडा आणि पांढरा हे सगळे एकाच कमाल उजेडाला जाऊन टेकतात आणि त्यांच्यातला फरक संपतो. काळ्यावर पांढरी अक्षरे असतील तर हे जाणवत नाही, पांढऱ्यावर पिवळी असतील तर लगेच जाणवते. किती वाढवावे, हे ठरवण्यासाठी कसोटी क्रिकेटचा सामना लावा. खेळाडूंच्या पांढऱ्या कपड्यांवरच्या चुण्या दिसेनाशा होईपर्यंत वाढवत न्या आणि तेथून दोन-तीन घरे मागे या. पडदा फार उजळ झाला की अनेकांचे डोळे दिपतात. तसे झाल्यास उजेड कमी करून पाहावा. खोलीतली खिडकी टीव्हीच्या मागे किंवा पडद्यावर प्रतिबिंब पाडणारी असेल, तर तिचा पडदा ओढणे हा सेटिंगपेक्षाही मोठा उपाय ठरतो.

आकाराबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. चित्र दोन्ही बाजूंनी दुप्पट केले की पडद्यावर मूळ चित्राचा चौथा हिस्सा उरतो, बाकीचे तीन हिस्से बाहेर जातात. तुमचा सोफा टीव्हीपासून किती अंतरावर आहे, हे कृपया मोजून सांगाल का?

मृद्गंध_नौपाडा

टेपने मोजले. सोफ्याच्या पाठीपासून पडदा बरोबर तीन मीटरवर आहे. वाहिन्यांच्या यादीतले अक्षर पट्टी लावून पाहिले, ते साधारण दीड सेंटीमीटर उंच आहे.

अरुण_ऐरोली

मग बाबांची खुर्ची दीड मीटरवर आणा. अंतर निम्मे झाले की डोळ्यात उमटणारी प्रतिमा दुप्पट होते. दीड मीटरवरून पाहिलेला तुमचा ४३ इंची टीव्ही आणि तीन मीटरवरून पाहिलेला ८६ इंची टीव्ही डोळ्याला सारखेच मोठे दिसतात, आणि चित्राचा कोणताही भाग कापला जात नाही. ते दीड सेंटीमीटरचे अक्षर तीन सेंटीमीटरचे असल्यासारखे दिसेल. एक मीटरवर आणले तर तिप्पट. चाकांची खुर्ची असल्यास बाबा स्वतःच अंतर ठरवतील.

वैशाली_वाशी

क्षमा करा, पण जवळ बसण्याचा सल्ला मला पटत नाही. आम्हाला लहानपणापासून याच्या उलट सांगितले गेले आहे.

अरुण_ऐरोली

वैशालीताई, ही समजूत फार जुनी आहे आणि अनेक घरांत तिच्यामुळे कमी दृष्टीच्या माणसाला टीव्हीपासून मागे ओढले जाते. जवळून पाहिल्याने डोळे थकू शकतात, कोरडे पडू शकतात, परंतु त्यामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याची इजा वाढत नाही. मॅक्युलाच्या आजारात जवळ जाणे हाच माणसाचा स्वाभाविक चष्मा असतो. लहान मूल जवळ जाऊन बसत असेल तर मात्र ते कारण नसून लक्षण असू शकते, त्याला दूरचे स्पष्ट दिसत नसावे, म्हणून एकदा डोळे तपासून घ्यावेत. निळ्या प्रकाशाचा हा मुद्दाच नाही.

सुलभा_नेरुळ

मी वाचत होते आणि थोडी गोंधळले. माझ्या आईला काचबिंदू आहे. आमच्याकडे दुसऱ्या कंपनीचा टीव्ही आहे, त्यात अक्षरे आणि मेनू मोठे करण्याची सोय आहे. मी मोठ्या हौसेने ती सुरू केली, तर आई म्हणाली की आता तिला पूर्वीपेक्षा कमी सापडते. खुर्ची जवळ आणल्यावर तर ती अधिकच त्रासली. येथे सगळ्यांना मोठे केल्याने फायदा होताना दिसतो, मग तिलाच का होत नाही?

अरुण_ऐरोली

सुलभाताई, तुमच्या आईचे म्हणणे अगदी बरोबर आहे. मृद्गंध यांच्या वडिलांचा मधला भाग गेला आहे आणि कडा शाबूत आहेत. काचबिंदूत सहसा याच्या उलट होते, कडेचे दिसणे आधी जाते आणि नळीतून पाहिल्यासारखा मधला तुकडा उरतो. माझ्या आजाराचीही तीच रीत आहे. नळीतून पाहणाऱ्याला अक्षर दुप्पट केले की त्या नळीत आधी मावणारा शब्द आता मावत नाही. मेनूतला निवडलेला चौकोन कोठे आहे, हे शोधण्यासाठी डोळा पडद्यावर भटकत राहतो. मी स्वतः अक्षरांचा आकार नेहमीचाच ठेवतो, उलट थोडा मागे सरकून बसतो, ठळक अक्षरे सुरू ठेवतो आणि शोधण्याचे काम आवाजावर सोपवतो.

अशा दृष्टीसाठी ॲमेझॉनच्या फायर टीव्हीवर `Text Banner` नावाची एक सोय आहे, ती मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. आपण पडद्यावर जिथे असू तिथला मजकूर ती एकाच ठरावीक जागी, ठळक पट्टीत दाखवते आणि ती जागा आपल्याला निवडता येते. डोळ्याला हुडकावे लागत नाही, एकाच ठिकाणी पाहत बसायचे.

तुमचा टीव्ही सॅमसंगचा असेल तर आवाजाचे बटण थोडा वेळ दाबून धरल्यास आणि एलजीचा असेल तर आवाज बंद करण्याचे बटण दाबून धरल्यास या सोयींची यादी थेट उघडते. त्यात बोलण्याची सोय सुरू करून मोठ्या अक्षरांची बंद करून पाहा.

दिनेश_कोपरखैरणे

मी टीव्ही आणि साउंडबार बसवण्याचे काम करतो, म्हणून एका अडचणीची पूर्वसूचना देतो. टॉकबॅक मुख्य पडद्यावर छान बोलतो आणि चित्रपट लावला की मुका होतो, अशी तक्रार घेऊन लोक बोलावतात. त्यांना वाटते की ॲप बिघडले. पुष्कळदा कारण आवाजाच्या मार्गात असते. साउंडबार जोडलेला असेल आणि टीव्ही डॉल्बीचा आवाज न उलगडता बंद पाकिटासारखा तसाच पुढे पाठवत असेल, तर त्या पाकिटात टॉकबॅकचे शब्द मिसळण्याची जागाच टीव्हीला मिळत नाही. आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट `Auto` किंवा `Passthrough` असेल ते `PCM` करावे. मग टीव्ही स्वतः आवाज उलगडतो, त्यात बोलणे मिसळतो आणि पुढे पाठवतो. यात चहूबाजूंनी येणारा आवाज बहुधा गमवावा लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. मला विचाराल तर ज्या घरात टीव्ही बोलायला हवा आहे, तेथे हा तोटा सहन करावा.

मृद्गंध_नौपाडा

दिनेश, आमच्याकडे साउंडबार आहे आणि हुबेहूब हेच घडत होते. `PCM` केल्यावर चित्रपट चालू असतानाही आवाज येऊ लागला. मनापासून आभार.

अरुणकाका, खुर्ची दीड मीटरवर आणली. बाबा आता मान किंचित तिरपी करून कडेच्या नजरेने खालची पट्टी वाचतात. केबल तशीच ठेवून आम्ही बाबांच्या बऱ्याचशा बातम्या टीव्हीमधल्याच यूट्यूबवर लावू लागलो, कारण मराठी वृत्तवाहिन्यांचे थेट प्रक्षेपण तेथे मिळते आणि तेथपर्यंत पोहोचण्याचा रस्ता टीव्ही बोलून दाखवतो. एक नवी अडचण मात्र आली आहे. इंग्रजी नावे टॉकबॅक वाचतो आणि मराठी नाव आले की काहीच बोलत नाही. एका नाटकावर गेल्यावर त्याने फक्त कालावधी वाचला, नाव गाळले.

अरुण_ऐरोली

याचा अर्थ बोलणारा आवाज इंग्रजीचा आहे. त्याला देवनागरी येत नाही, म्हणून तो ती अक्षरे ओलांडून पुढे जातो. `Accessibility` मध्येच `Text-to-speech` आहे. तेथे गूगलच्या इंजिनाच्या सेटिंगमध्ये `Install voice data` मधून मराठीचा आवाज उतरवून घ्या आणि भाषा मराठी निवडा. मराठी आवाज रोमन अक्षरांतली नावेही आपल्या वळणाने वाचतो, त्यामुळे दोन्ही भागते. तुमच्या टीव्हीवर मराठी दिसत नसेल तर हिंदी घ्या. उच्चार हिंदी वळणाचे होतील, पण नाव कळेल. तेथेच बोलण्याचा वेग आहे, तो बाबांसाठी एक-दोन घरे कमी करा. घाईने बोललेले समजले नाही की वयस्कर माणूस सोयीलाच कंटाळतो.

प्रसाद_पाचपाखाडी

सासऱ्यांच्या टीव्हीवर काल क्रिकेटची परीक्षा करून पाहिली. चुण्या ८५ च्या पुढे नाहीशा होत होत्या, म्हणून ८० वर आणले. वर्षभर आम्ही १०० वर ठेवले होते आणि ते कधी बोलले नाहीत. `Zoom` ही काढून टाकला आहे. एक शंका उरते. फायर टीव्हीत भिंगही आहे असे ऐकले, मग त्याने बातम्यांची खालची पट्टी मोठी करून वाचता येईल का? तसे झाले तर खुर्ची हलवण्याचीही गरज राहणार नाही.

अरुण_ऐरोली

भिंग आहे. मागे जाण्याचे आणि पुढे पळवण्याचे बटण एकत्र दाबून धरले की ते सुरू होते. मेनू आणि यादी वाचायला ते उपयोगी पडते. परंतु पट्टी ही चालत्या चित्राचा भाग आहे आणि ती सरकत असते. भिंग एका जागी धरले तर शब्द त्यातून पळून जातो आणि शब्दामागे भिंग नेणे कोणालाच जमत नाही. शिवाय तुमचा केबलचा बॉक्स वेगळ्या तारेवर असेल तर त्याच्या चित्रावर ते चालणार नाही, कारण ते फक्त फायर टीव्हीच्या स्टिकच्या स्वतःच्या चित्रापुरते आहे. तेव्हा खुर्ची हलवावीच लागेल, असे मला वाटते.

दिनेश_कोपरखैरणे

चालत्या व्हिडिओवर ते भिंग नेमके कसे वागते, हे मी पुढच्या आठवड्यात एका ग्राहकाकडे स्टिक बसवताना त्यांच्या परवानगीने पाहणार आहे. यूट्यूबवरची थेट बातमी आणि पैसे भरून पाहायचा चित्रपट, दोन्ही लावून पाहीन आणि येथे लिहीन.

सुलभा_नेरुळ

आईच्या टीव्हीवर मोठी अक्षरे बंद केली, आवाज सुरू केला आणि तिची खुर्ची पुन्हा मागे नेली. तिने काल तासाभरात चार वेळा स्वतः वाहिनी बदलली. आमचा टीव्हीही केबलवरच आहे, त्यामुळे यादी तिला आवाजात मिळत नाही, पण वाहिन्यांचे क्रमांक तिला पाठ आहेत. मृद्गंध, तुमच्या बाबांना साध्या बॉक्सची यादी आता कशी हाताळता येते?

मृद्गंध_नौपाडा

यादी उघडायचीच नाही, असे आम्ही ठरवले. बॉक्सच्या रिमोटवर ५ च्या अंकावर एक बारीक उंचवटा आहे. बाबांचा अंगठा आधी त्याच्यावर स्थिरावतो आणि तेथून वर, खाली, बाजूला सरकत ते अंक दाबतात. त्यांच्या नेहमीच्या सहा वाहिन्यांचे क्रमांक मी काळ्या पुठ्ठ्यावर जाड पांढऱ्या रंगाने बोटभर उंचीचे लिहून खुर्चीच्या हातावर बांधले आहेत. टीव्हीच्या रिमोटवरच्या मागे जाण्याच्या बटणावर शिवणकामातला छोटा टिकला चिकटवला, कारण ते बटण आणि शेजारचे होमचे बटण हाताला सारखेच लागत होते आणि बाबा दर वेळी चुकून मुख्य पडद्यावर येऊन पडत होते. मराठी आवाज आमच्या टीव्हीवर मिळाला. आज सकाळी त्याने नाटकाचे नाव वाचले तेव्हा बाबा ते पुन्हा ऐकायला म्हणून एक घर मागे जाऊन परत त्याच नाटकावर आले.